60 चे 25, 24 चे 25 : फ्रेमरेट बदलताना या चुका टाळा

साताऱ्यात लोकल केबलसाठी किंवा लग्नाचं काम करणाऱ्या कुणाच्याही टेबलावर आज तीन प्रकारचं फुटेज येतं. मुख्य कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर, मुलांचे मोबाइल 60 वर आणि ड्रोन 24 वर. सगळं एकाच टाइमलाइनवर टाकलं की सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, क्लिप गुमान बसतात. मग एक्स्पोर्ट झाल्यावर फोन येतो, “दादा, घोडा मधे मधे अडखळतोय.”

हे अडखळणं कुठून येतं ते एका कामावरून सांगतो. फलटण तालुक्यात तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. वारकरी दोन्ही बाजूंना उभे, मधून अश्व धावतात आणि मोबाइलवाला त्यांच्याबरोबर कॅमेरा फिरवतो. फ्रेमरेटच्या चुका पकडायला यापेक्षा कडक शॉट नाही, कारण घोड्याचा वेग एकसारखा असतो आणि डोळा त्याच्यावरच खिळलेला असतो.

पहिली चूक : 60 ची क्लिप 25 च्या टाइमलाइनवर तशीच टाकणं

60 ला 25 ने भागा, उत्तर 2.4. म्हणजे टाइमलाइनला मूळ क्लिपमधली 0, 2.4, 4.8, 7.2, 9.6 अशी फ्रेम हवी असते. अशी अर्धवट फ्रेम मुळात नाहीच, म्हणून सॉफ्टवेअर जवळची उचलतं : 0, 2, 5, 7, 10, 12. आता पावलं मोजा. दोन, तीन, दोन, तीन, दोन.

समजा कॅमेरा स्थिर आहे आणि घोडा दर मूळ फ्रेमला 10 पिक्सेल पुढे सरकतो. 1920 पिक्सेलचा पडदा तो साधारण सव्वातीन सेकंदांत ओलांडेल. नव्या क्लिपमध्ये त्याने प्रत्येक वेळी 24 पिक्सेल सरकायला हवं. प्रत्यक्षात तो 20, 30, 20, 30, 20 असा सरकतो. हा नमुना सेकंदाला पाच वेळा फिरून येतो. एकही फ्रेम खराब नाही, घोडा कुठेही थांबलेला नाही, तरी चाल लंगडी दिसते. कॅमेरा घोड्याबरोबर फिरत असेल तर घोडा ठीक वाटतो आणि मागची झाडं, रांगेतली माणसं थरथरतात.

पहिला विचार येतो तो स्लो मोशनचा : क्लिप 50 टक्क्यांवर टाकू, झटके जातील. जात नाहीत. 50 टक्क्यांवर 60 चे झाले 30, आणि 30 मधून 25 काढायचे तर दर सहा फ्रेममधली एक गळते. आता घोडा चार वेळा सारखा सरकतो आणि पाचव्या वेळी उडी मारतो.

उपाय असा की टक्केवारीत विचारच करायचा नाही, पूर्ण पावलांत करायचा. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपवर राइट क्लिक करून `Clip Attributes` उघडा आणि फ्रेमरेट 60 चा 50 करा. प्रीमियरमध्ये हेच काम `Interpret Footage` मधल्या `Assume this frame rate` ने होतं. आता 25 ची टाइमलाइन बरोबर एक सोडून एक फ्रेम घेते, पाऊल कायम दोनाचं. वेग मूळच्या 83 टक्के होतो. धावत्या घोड्याला, चालत्या दिंडीला, कॅमेऱ्याच्या फिरण्याला एवढा संथपणा शोभून दिसतो आणि बहुतेकांना तो जाणवतही नाही. खरा स्लो मोशन हवा असेल तर तिथेच 25 लिहा. मग प्रत्येक फ्रेम वापरली जाते आणि 10 सेकंदांची क्लिप 24 सेकंदांची होते.

याला मर्यादा आहे. आवाजही त्याच प्रमाणात खेचला जातो, म्हणून तो काढून मुख्य कॅमेऱ्याचा आवाज खाली लावावा लागतो. ज्या शॉटमध्ये टाळ वाजताना किंवा कुणी बोलताना जवळून दिसतंय, तिथे हा उपाय चालणार नाही. हात आणि आवाज लगेच वेगळे पडतात.

दुसरी चूक : ऑप्टिकल फ्लो सगळ्यांना एकच औषध समजणं

टाळाच्या शॉटला वेग बदलता येत नाही. तिथे रिझॉल्व्हच्या `Retime Process` मध्ये `Optical Flow` निवडून मधली, मुळात नसलेली फ्रेम तयार करून घ्यावी लागते. सॉफ्टवेअर दोन फ्रेम पाहून कुठला ठिपका कुठे गेला याचा अंदाज बांधतं आणि चित्र त्या जागी सरकवतं. साध्या पार्श्वभूमीवर टाळकरी उभा असेल तर काम छान होतं.

रिंगणात मात्र घोड्यासमोर पताकांच्या काठ्या असतात. घोडा काठीमागे गेला की त्याचा ठिपका हरवतो आणि बाहेर आला की नव्याने सापडतो. मधल्या फ्रेममध्ये काठी वाकते, घोड्याचं मानेवरचं आयाळ काठीला चिकटून ताणलं जातं. पायांचं तर विचारूच नका, चार पाय एकमेकांना ओलांडतात तिथे मांसाचा गोळा दिसतो. धूळ, पाऊस, फटाक्यांच्या ठिणग्या, दाट गर्दी ही याच जातीची ठिकाणं. म्हणून ऑप्टिकल फ्लो क्लिप बघून लावा, अख्ख्या टाइमलाइनला लावू नका आणि लावल्यावर बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. चालू व्हिडिओत ही वाकलेली काठी निसटते, मोठ्या पडद्यावर प्रेक्षकाला ती दिसते.

`Frame Blend` मध्ये चित्र वाकत नाही, पण दोन फ्रेम एकमेकांवर पुसट छापल्या जातात. घोड्याला दोन नाकं येतात. संथ हालचालीला ते खपून जातं.

तिसरी चूक : मोबाइलने 60 सांगितलं म्हणून 60 धरणं

मोबाइलचा फ्रेमरेट अनेकदा स्थिर नसतो. उजेड कमी झाला की काही फोन न विचारता 30 वर उतरतात. सकाळच्या क्लिप नीट आणि मांडवातल्या संध्याकाळच्या क्लिप अडखळत असतील, किंवा सुरुवातीला जुळलेला आवाज दहा मिनिटांनी मागे पडत असेल, तर आधी इथे बघा :

```
ffmpeg -i clip.mp4 -vf vfrdet -an -f null -
```

शेवटच्या ओळींत `VFR:` पुढे शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा आकडा आला तर क्लिप स्थिर आहे. आकडा मोठा असेल तर एडिटिंगच्या आधी ती स्थिर करून घ्या. वर सांगितलेला 50 चा उपायही त्यानंतरच लावायचा, नाहीतर मुळातच असमान असलेली पावलं असमानच राहतील.

```
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=60 -c:v libx264 -crf 16 -c:a copy clip_60.mp4
```

याने आवाज जागेवर येतो. पण फोनने जी फ्रेम टिपलीच नाही ती यातून परत मिळत नाही, तिच्या जागी आधीचीच दुसऱ्यांदा येते. खरा इलाज शूटिंगच्या वेळचा. आयफोनच्या सेटिंगमध्ये `Show PAL Formats` चालू केलं की 25 चा पर्याय दिसतो आणि काम तिथेच मिटतं. ज्या कॅमेऱ्याला 50 येतं त्याला 50 वर ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने शटर 1/100 ठेवलं तर मांडवातल्या ट्यूबलाइटचे पट्टेही टळतात.

चौथी चूक : 24 चं ड्रोन फुटेज 25 मध्ये फ्रेम वाढवून बसवणं

अजिंक्यताऱ्यावरून ड्रोन सरळ रेषेत संथ जातोय आणि दर सेकंदाला एक बारीकसा झटका येतोय. कारण साधं आहे : सेकंदाला 24 फ्रेम आहेत, 25 हव्यात, म्हणून एक फ्रेम दोनदा दाखवली जाते. लोक ड्रोनच्या गिंबलला किंवा वाऱ्याला दोष देतात. पण झटका घड्याळासारखा नेमाने येत असेल तर तो वारा नव्हे.

इथे नवीन फ्रेम बनवायची गरज नाही. `Clip Attributes` मध्ये 24 चं किंवा 23.976 चं 25 करा. क्लिप चार टक्क्यांनी जलद होते, एक तासाचं 57 मिनिटं 36 सेकंद होतं आणि प्रत्येक फ्रेम एकदाच दिसते. 24 फ्रेमवर काढलेले सिनेमे 25 फ्रेमच्या दूरदर्शन पद्धतीत दाखवताना वर्षानुवर्षं हेच केलं गेलं. ड्रोनला आवाज नसतो, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. मुलाखत 24 वर काढली असेल तर आवाज हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सुमारे 70 टक्के चढतो. ओळखीच्या माणसाचा आवाज लगेच बारीक वाटतो. तिथे सूर न बदलता गती बदलायची :

```
ffmpeg -i in.mp4 -vf "setpts=N/25/TB" -r 25 -af atempo=1.0416667 out.mp4
```

ही आज्ञा बरोबर 24 च्या, स्थिर फ्रेमरेटच्या क्लिपसाठी आहे. 23.976 असेल तर `atempo` ला 1.0427083 द्या, नाहीतर मोठ्या मुलाखतीत ओठ आणि शब्द हळूहळू सुटतात.

60 चे 30 : सोपं, पण उन्हात फसवं

काम फक्त यूट्यूबचं असेल आणि बहुतेक फुटेज 60 चं असेल, तर टाइमलाइन 30 चीच घ्या. एक सोडून एक फ्रेम घेतली जाते, पावलं सारखी पडतात. फक्त क्लिप 59.94 ची असेल तर टाइमलाइन 29.97 ची हवी. ती 30 ची ठेवली तर साधारण 17 सेकंदांनी एकदा पाऊल दोनाऐवजी एकाचंच पडतं आणि तो झटका शोधता शोधता दिवस जातो. रिझॉल्व्हमध्ये क्लिप टाकल्यावर टाइमलाइनचा फ्रेमरेट बदलता येत नाही, म्हणून हे आधी ठरवा.

पावलं सारखी असूनही घोडा टकटक उड्या मारताना दिसला तर दोष रूपांतराचा नाही, शटरचा आहे. भर उन्हात मोबाइल 1/1000 चं शटर घेतो. प्रत्येक फ्रेम सुरीने कापल्यासारखी लख्ख येते आणि 30 वर आल्यावर दोन चित्रांमधली रिकामी जागा दुप्पट होते. लेन्सवर एनडी फिल्टर लावून शटर 1/60 च्या आसपास आणलं की हालचालीला हवा तो पुसटपणा येतो. नंतर प्लगइनने मोशन ब्लर घालता येतो, पण पताकांच्या काठ्या तिथेही त्रास देतात.

तपासताना होणारी चूक

लॅपटॉपचा पडदा बहुधा 60 हर्ट्झचा असतो. त्यावर 25 चा व्हिडिओ चालवला की तोच 2.4 चा हिशोब उलटा लागतो : काही फ्रेम पडद्याच्या दोन ठोक्यांपुरत्या, काही तीन ठोक्यांपुरत्या दिसतात. म्हणजे अगदी निर्दोष फाइलही थोडी अडखळते. ते पाहून परत परत एक्स्पोर्ट करत बसू नका. डिस्प्ले सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ मिळत असेल तर तो निवडा, किंवा फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीवर लावा आणि टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा. हे दोन्ही जमत नसेल तर फाइल टाइमलाइनवर परत आणा, एकसारखी हालचाल असलेला शॉट निवडा आणि बाणाच्या कळीने पंचवीस-तीस फ्रेम मोजत पुढे जा. काठी दर दाबेला सारखंच अंतर सरकत असेल तर फाइल बरोबर आहे. एखाद्या दाबेला ती जागची हललीच नाही तर फ्रेम दुप्पट झाली आहे, आणि दुप्पट अंतर गेली तर गळली आहे.