कुसू सैल, खांदा उघडा: पहिल्या जोडातल्या या चुका टाळा

आयटीआयच्या पोरांना दीक्षान्त समारंभ मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं. पहिला झाला तो १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी. आमच्याकडे यंदा सुतारकाम ट्रेडच्या वतीने बोलायला मला पाच मिनिटं दिली होती. भाषण मला जमत नाही, म्हणून कपाटातलं खोकं उचललं आणि स्टेजवर नेलं.

खोक्यात पोरांचे पहिले जोड असतात. कुसू आणि भोक, म्हणजे उभ्या पट्टीत भोक आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्यात बसणारं कुसू. पहिला जोड मी कुणाला मोडू देत नाही. मागे पेन्सिलीने हजेरी नंबर लिहून ठेवून देतो. त्यातले तीन काढून दाखवले. नंबर सांगितले नाहीत, पण ज्याचे त्याने ओळखले, पहिल्या रांगेत कोपरखळ्या चालल्या होत्या. पाच मिनिटांत जे राहून गेलं ते इथे लिहितो.

पहिला जोड हातात घेऊन म्हटलं, "पोरांनो, याच्यावरून बोट फिरवा." पुढून पायरी लागते, मागून सपाट. हा जोड करणाऱ्याने करवत सरळ चालवली होती, पटाशीही नीट धरली होती. चूक झाली ती त्याआधी, काठापासून ठरावीक अंतरावर रेघ आखायचा गेज धरताना. त्याची आडवी पट्टी रंधून ३६ मिलिमीटर जाड झाली होती आणि उभी ३४.५. नवख्या हाताकडून एवढा फरक पडतोच, त्याचं काही नाही. गेज १२ वर लावून त्याने कुसू आखलं पुढच्या बाजूने. भोक आखताना मात्र पट्टी उलटी पडली होती, गेज टेकला मागच्या बाजूला. कुसू पुढून १२ वर सुरू झालं, भोक पुढून मोजलं तर साडेदहावर. तो दीड मिलिमीटर जोड बसवल्यावर बरोबर समोर येऊन उभा राहिला.

गेज प्रत्येक वेळी पुढच्या बाजूलाच टेकवला असता तर तोच दीड मिलिमीटर मागे गेला असता, आणि मागची बाजू रंध्याने काढता येते. म्हणून रंधून झालं की पहिली खूण करायची ती पुढच्या बाजूची. आम्ही पेन्सिलीने वेलांटीसारखी रेघ मारतो आणि तिची शेपटी गुण्यात असलेल्या काठाकडे सोडतो. गुण्याही तिथूनच, गेजही तिथूनच. पोरांना ही रेघ पोरकट वाटते. अशी पायरी पडलीच, तर समोरून रंधून घेता येते, पण आडवी पट्टी तिथे बारीक होते आणि कुसवाच्या पुढचं लाकूड कमी होतं. दीड मिलिमीटरपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर पट्टी नवी घ्या.

दुसरा जोड उचलला तर कुसू आपोआप बाहेर पडून टेबलावर वाजलं. हशा पिकला. ज्याचा होता तो सगळ्यात जोरात हसला.

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. कुसू पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश धरतात, म्हणून ३६ च्या पट्टीला १२. भोक १२ च्या पटाशीने पाडलं की ते १२ च होतं. (गेजच्या दोन टोकांतलं अंतर पट्टीवरून नाही, हातातल्या पटाशीवरून लावायचं. पटाशीवर १२ छापलेलं असलं तरी घासून घासून ती ११.८ झालेली असते.) मग कुसू सैल का झालं? रेघेवरून करवत चालवली म्हणून. आमची टेनन सॉ सुमारे १ मिलिमीटरचा चर पाडते. चराचा मध्य रेघेवर ठेवला तर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा खाल्ला आणि १२ चं कुसू ११ झालं. करवत रेघेच्या बाहेर, टाकाऊ भागात चालवायची. कापून झाल्यावर रेघ कुसवावर दिसली पाहिजे, अगदी अर्धी तरी. टाकाऊ भागावर आधी पेन्सिलीने फुली मारा, घाईत करवत चुकीच्या बाजूला जात नाही.

योग्य कुसू हाताने अर्ध्यापर्यंत जातं आणि पुढे मॅलेटचे हलके ठोके मागतं. पूर्ण हाताने गेलं तर सैल. हातोडा मारून चेपावं लागलं तर घट्ट, आणि असं घट्ट कुसू भोकाच्या टोकाला पट्टी फाडतं. म्हणूनच उभी पट्टी कोपऱ्यात इंचभर लांब ठेवतो आणि जोड चिकटून वाळल्यावर ते टोक कापतो.

सैल झालेल्याला पोरं भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरतात. रंग दिल्यावर दिसत नाही, हे खरं. पण हा गोंद लाकूड लाकडाला टेकलेलं असेल तिथे धरतो, पोकळी भरण्यात त्याचा जोर नाही. खुर्ची वर्षभर पुढे-मागे झुलली की लगदा कुरतडला जातो. त्यापेक्षा त्याच लाकडाची पातळ चकती कुसवाच्या गालावर, म्हणजे सपाट बाजूवर चिकटवा. रेषा कुसवाच्या रेषांसोबत ठेवा, वाळू द्या, मग पटाशीने छिलत बेताची करा. अर्धा तास जास्त लागतो.

तिसरा जोड एका मुलीचा. कुसू मस्त घट्ट, गुण्यात, पण खांदा, म्हणजे कुसवाच्या मुळाशी राहिलेला आडव्या पट्टीचा काठ, उभ्या पट्टीला टेकत नव्हता, फटीत कागद जात होता. तिने तेव्हा विचारलं होतं, "सर, अजून ठोकू का?" मी म्हटलं, आधी कागद फिरव. फट सगळीकडे सारखी असेल तर कुसवाचं टोक भोकाच्या तळाला टेकलंय. भोक कुसवापेक्षा २-३ मिलिमीटर खोल लागतं, आणि तिचं तेवढं खोल नव्हतं. कितीही ठोकलं असतं तरी फट राहिली असती. फट एकाच बाजूला असेल तर खांदा गुण्यात नाही. तिच्याकडे दोन्ही दुखणी होती. भोक खोल केल्यावर सारखी फट गेली, वरच्या बाजूची राहिली.

त्यावर जुन्या सुतारांची एक युक्ती आहे. जोड कोरडाच बसवून क्लॅम्प लावायचा आणि फटीतच, उभ्या पट्टीच्या काठाला लागून, बारीक करवत चालवायची. जिथे खांदा टेकत होता तिथलं लाकूड करवत खाते, जिथे फट होती तिथे रिकामी जाते. क्लॅम्प आवळला की खांदा बसतो. फट चराहून मोठी असेल तर पुन्हा एकदा. फक्त करवतीवर १२ मिलिमीटरला चिकटपट्टी लावा, नाहीतर ती खांदा ओलांडून कुसू कापते. एकाने तसं कापलंय, तो जोडही खोक्यात आहे.

या युक्तीची एक किंमत आहे आणि ती तिने भरली. चौकटीत वरची पट्टी दोन खांद्यांमध्ये ४०० होती. दोन्हीकडे करवत फिरवल्यावर ३९८ झाली. खालची राहिली ४०० वर. चौकट वर अरुंद, खाली रुंद झाली, वरची आणि खालची रुंदी मोजल्यावर कळलं. खालच्या पट्टीचे खांदेही तेवढेच कापावे लागले. तेव्हा एका पट्टीला हात लावला की तिच्या जोडीदारालाही लावायचा, आणि चिकटवण्याआधी दोन्ही कर्णांसोबत वरची-खालची रुंदीही मोजायची.

इथे संचालनकर्त्याने चिठ्ठी पुढे सरकवली, वेळ संपली. जोड ज्याचे त्याला परत दिले. दुसरा जोड मात्र घ्यायला दोघं आले, दोघांनाही तो आपलाच वाटत होता. मागे नंबर पाहिला तर तिसऱ्याचाच निघाला.