क्लोन केलेल्या जनुकात एकच अमिनो आम्ल कसं बदलावं, आणि ते खरंच बदललं हे कसं पडताळावं

उदाहरण ईजीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं घेऊ. त्याच्या रंगकेंद्रात ६६ क्रमांकावर टायरोसिन आहे. त्या जागी हिस्टिडिन आणलं की हिरवी चमक जाते आणि मंद निळी येते. कोडॉनच्या पातळीवर हा बदल एवढाच: `TAC` चं `CAC`. जनुक जिवाणूत व्यक्त होणाऱ्या, साधारण ५ किलोबेसच्या प्लास्मिडमध्ये आहे असं धरू.

आधी क्रमांक तपासा. ईजीएफपीत सुरुवातीच्या मेथिओनिननंतर एक जादा व्हॅलिन घातलेलं आहे, पण क्रमांक मात्र मूळ जेलीफिशच्या प्रथिनाचेच चालत आले आहेत. त्यामुळे शोधनिबंधातलं ६६ वं टायरोसिन तुमच्या फाइलमध्ये ६७ वा कोडॉन असतं. सरळ ६६ मोजलंत तर बोट थ्रिओनिनवर पडतं. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका, शेजारी बघा: `CTG ACC TAC GGC`, म्हणजे ल्युसिन, थ्रिओनिन, टायरोसिन, ग्लायसिन. बदलायचा बेस एटीजीपासून १९९ वा.

आता प्रायमर. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, माझंही बराच काळ अडलं होतं. जुना सल्ला असा: बदल मधोमध ठेवा आणि दोन्ही प्रायमर एकमेकांना पूर्ण पूरक घ्या. हा सल्ला अजूनही डोळे झाकून दिला जातो आणि तो सोडून द्यावा असं माझं ठाम मत आहे. पूर्ण पूरक प्रायमर टेम्पलेटवर बसण्याआधी एकमेकांनाच चिकटतात. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. नवी साखळी प्रायमरपासून सुरू होते, प्लास्मिडला पूर्ण वळसा घालते आणि सुरुवातीच्या जागेपाशी थांबते. दुसरा प्रायमर या नव्या साखळीवर फक्त तिच्या सुरुवातीच्या टोकाला बसू शकतो, आणि तिथून पुढे नक्कल करायला काही उरतच नाही. म्हणजे प्रत्येक फेरीत नक्कल निघते ती मूळ टेम्पलेटचीच. उत्पादन दुपटीने वाढत नाही, थेंबाथेंबाने साचतं. मग लोक टेम्पलेट वाढवतात, आणि बदल न झालेल्या कॉलन्यांनी प्लेट भरते.

उपाय असा की प्रायमर थोडेच एकमेकांवर येऊ द्यायचे. बदल त्या सामाईक भागात ठेवायचा आणि प्रत्येकाच्या ३′ टोकाला फक्त टेम्पलेटवर बसणारा लांब हात द्यायचा. आपल्या उदाहरणात:

```
F: 5'-CTGACCCACGGCGTGCAGTGCTTCAGCCGCTAC-3'
R: 5'-CACGCCGTGGGTCAGGGTGGTCACGAGGGTGGG-3'
```

दोन्हींचे पहिले १५ बेस एकमेकांना पूरक आहेत आणि उरलेले १८ म्हणजे तो हात. एटीला २ आणि जीसीला ४ अंश या ढोबळ हिशोबाने सामाईक भाग ५२ अंशांचा, F चा हात ५८ चा आणि R चा ६२ चा येतो. हात सामाईक भागापेक्षा ५ ते १० अंशांनी वरचढ असला पाहिजे. या एका अटीवर मी तडजोड करत नाही. मग प्रायमर आपसात गुंतण्याआधी टेम्पलेट धरतात. शिवाय नव्या साखळीच्या दुसऱ्या टोकाशी R च्या हाताची जागा शाबूत असते, त्यामुळे नव्या साखळीचीही नक्कल निघते आणि वाढ दुपटीने होते. तयार होणारा तुकडा सरळ असतो. त्याच्या दोन्ही टोकांना तेच १५ बेस असतात आणि जोडणी जिवाणू स्वतः करतो, लायगेज लागत नाही.

प्रायमर मागवण्यापूर्वी R उलटा-पूरक करून जनुकावर ठेवून बघा आणि वाचनचौकट मोजा. एक बेस जरी गळला तरी पुढचं सगळं प्रथिन बिघडतं.

पीसीआर सोपं आहे. अचूक पॉलिमरेज घ्या. ५० मायक्रोलिटरमध्ये टेम्पलेट १० नॅनोग्रॅम, त्याहून जास्त नको. फेऱ्या १८ ते २० पुरतात, वाढवल्या तर पॉलिमरेजच्या चुकाही वाढतात. विस्ताराचा वेळ एन्झाइमच्या पत्रकाप्रमाणे ठेवा. मग ५ मायक्रोलिटर जेलवर चालवा. प्लास्मिडच्या लांबीचा पट्टा दिसला नाही तर पुढे जाऊ नका. प्रायमर बसण्याचं तापमान दोन-दोन अंशांनी हलवून बघा किंवा ३ टक्के डीएमएसओ घाला. हा भाग जीसीने भरलेला आहे.

पट्टा दिसल्यावर डीपीएन-वन १ मायक्रोलिटर, ३७ अंशांवर एक तास. हे विकर `GATC` मधल्या अ‍ॅडेनिनवर मिथाइल गट असेल तरच कापतं, म्हणून जिवाणूतून आलेला टेम्पलेट तुटतो आणि नळीत तयार झालेला डीएनए वाचतो. पण टेम्पलेट डॅम-ऋण जातीत वाढवलेला असेल तर त्यावर मिथाइल गट नसतात आणि काहीच कापलं जात नाही. डीएच५-अल्फात वाढवलेला असेल तर काळजी नाही. सोबत पॉलिमरेज न घातलेली एक नळी त्याच वाटेने न्या. तिच्या प्लेटवर जितक्या कॉलन्या येतील, साधारण तितकाच जुना डीएनए तुमच्या खऱ्या प्लेटवरही शिल्लक आहे.

५० मायक्रोलिटर सक्षम पेशींत २ ते ५ मायक्रोलिटर मिश्रण घाला आणि ट्रान्सफॉर्म करा.

दुसऱ्या दिवशी प्लेट निळ्या प्रकाशात धरा. हिरव्या कॉलन्या म्हणजे उरलेला टेम्पलेट. बाकीच्या फिक्या दिसतात आणि इथेच घाई नडते. हिरवी चमक नाही म्हणजे बदल झाला, असं नाही. प्रायमर बनवतानाच त्यांच्यात बेस गळतात, आणि असा प्रायमर वापरला गेला की वाचनचौकट मोडते. कधी जोडणीच्या जागी प्रायमरचा क्रम दोनदा घुसतो. अशी मोडकी जनुकंही कॉलनी फिकीच ठेवतात. अतिनील प्रकाशात निळी चमक दिसली तर तो चांगला पुरावा, पण ती मंद असते आणि लवकर विझते, म्हणून ती दिसली नाही तरी कॉलनी बाद करू नका.

निकाल सिक्वेन्सिंगच देतं. तीन-चार फिक्या कॉलन्यांचे प्लास्मिड काढा आणि सगळं ७२० बेसचं जनुक दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. फक्त बदलाची जागा वाचून समाधान मानू नका, पॉलिमरेजची चूक कुठेही बसलेली असू शकते. वाचण्याचा प्रायमर जनुकाच्या कडेपासून किमान ५० बेस दूर ठेवा, कारण वाचनाचे पहिले काही डझन बेस अस्पष्टच येतात.

आलेल्या अक्षरांवर थांबू नका, आलेख उघडा. १९९ व्या जागी सी चं एकच स्वच्छ शिखर हवं. त्याखाली टी चं लहान शिखर डोकावत असेल तर त्या कॉलनीत दोन्ही प्लास्मिड एकत्र आहेत; तिचं प्लास्मिड अगदी विरळ करून पुन्हा ट्रान्सफॉर्म करा आणि नवी सुटी कॉलनी उचला. मग प्रायमरचा पूर्ण भाग, जोडणीपासून दोन्ही हातांच्या टोकांपर्यंत, बेस न् बेस ताडून पाहा. गळती आणि दुबार घुसखोरी तिथेच सापडते.

पॉलिमरेज प्लास्मिडचा बाकीचा भागही नव्याने लिहितं आणि तो तुम्ही वाचलेला नाही. म्हणून तपासलेलं जनुक कापून मूळ, पीसीआर न झालेल्या व्हेक्टरमध्ये बसवा, आणि प्रथिनाचे प्रयोग त्याच प्लास्मिडवर करा.