‘औंदा बचत करायची’ असं नुसतं ठरवताय? मग या चुका टाळा

पाडवा झाला की आमच्या बचत गटात तेच ऐकू येतं, "औंदा पैसा साठवायचाच." किती, कशासाठी, कधीपर्यंत, याचा पत्ता नसतो. गटाची वही माझ्याकडं असते, म्हणून मी आधी लिहून घेते: ‘लेकीच्या लातूरच्या वसतिगृहासाठी मार्चअखेर 60,000 रुपये, वेगळ्या खात्यात.’ जमले की नाही, ते पासबुक सांगतं.

खरा घोटाळा पुढं होतो. लोक 60,000 ला बारानं भागतात आणि महिन्याला 5,000 ठरवून मोकळे होतात. आमच्या एका काकूंनी हेच केलं. एप्रिल-मे दुधाच्या पैशातून कसेबसे भरले. जूनमध्ये बियाणं, खत आणि पोरांची वह्या-पुस्तकं एकदमच आली, भरणा चुकला. जुलैचाही चुकला. ऑगस्टमध्ये "माझ्यानं होत नाही" म्हणत त्यांनी साठलेले 10,000 फवारणीसाठी काढले. काकू कमी पडल्या नव्हत्या. ते वेळापत्रक पगारदाराचं होतं, सोयाबीनवाल्या घराचं नव्हतं.

पुढच्या पाडव्याला आम्ही घरात पैसा येतो त्या महिन्यांवर टप्पे बांधले. एप्रिल-मे 4,000 प्रत्येकी. जून ते सप्टेंबर महिन्याला फक्त 1,000, पण तो चुकवायचा नाही. सोयाबीन विकल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर 15,000 प्रत्येकी. डिसेंबर-जानेवारी 4,000 प्रत्येकी, तुरीनंतर फेब्रुवारीत 8,000, मार्चला 2,000. तपासायची ती एकूण जमा: मेअखेर 8,000, सप्टेंबरअखेर 12,000, नोव्हेंबरअखेर 42,000. दुधाचं बिल दहा दिवसांनी मिळतं. महिन्याच्या पहिल्या बिलातूनच रक्कम बाजूला काढा. शेवटच्या बिलापर्यंत थांबलात की ती पेंडीत जाते.

दुसरी चूक म्हणजे पर्याय संकट आल्यावर शोधणं. परतीचा पाऊस काढणीला आलेलं सोयाबीन भिजवतो, हे इथं कुणाला सांगायला नको. तरी लोक एकच आकडा धरून बसतात. आम्ही पाडव्यालाच लिहिलं होतं: नोव्हेंबरअखेर जमा 27,000 च्या खाली असेल, तर उद्दिष्ट 40,000, आणि उरलेल्या 20,000 साठी जानेवारीतच गटाकडं कर्जाचा अर्ज. त्या वर्षी शेंगा भिजल्या. सोयाबीनचे 30,000 ऐवजी 10,000 च जमले, एकूण 22,000. काकूंनी रडारड केली नाही. पुढचे 18,000 ठरल्याप्रमाणं भरले, 40,000 झाले आणि बाकीचे गटानं दिले.

पीकविम्याची रक्कम पर्यायात धरू नका. ती कधी आणि किती येईल, हे तुमच्या हातात नसतं. टप्पा गाठायला ओलं सोयाबीन घाईनं विकणं मला अजिबात पटत नाही, ओलाव्याची कपात बचत खाऊन टाकते. एका वर्षी एकच मोठं उद्दिष्ट ठेवा. आणि चुकलेला हप्ता पुढच्या महिन्यात दुप्पट करून भरायचं ठरवू नका. तो सुगीच्या टप्प्यात टाका आणि वहीत तसं लिहा.