कुरियर बदलताना ग्राहकांना कळवण्याची तयारी: आधी वाटेतली पार्सलं

आमचा कोल्हापुरात घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. ऑर्डरी आणि पाठवणी मी बघते. पुढच्या महिन्यात आम्ही कुरियर बदलतोय. याआधी बदललं तेव्हा ग्राहकांना कळवण्याचं काम माझ्याकडेच होतं आणि ते मी पार बिघडवलं होतं. म्हणून या वेळी आधी लिहून काढतेय. ज्यांच्यावर हीच वेळ येणार आहे, त्यांच्याही कामी येईल.

सगळ्यात आधी तारीख. ग्राहकांना तारीख सांगायची, ती नव्या कुरियरचा पहिला पिकअप प्रत्यक्ष होऊन गेल्यावरच. करार झाला, पॅनेलचं लॉगिन आलं, एवढ्यावर तारीख जाहीर करू नका. दोन-तीन पार्सलं स्वतःच्या ओळखीच्या पत्त्यांवर पाठवून बघा, एक पुण्याला, एक जरा आडबाजूला. मार्च ते मे आमचा चटणी-मसाल्याचा हंगाम असतो, त्या काळात बदल नाही म्हणजे नाही. तुमचा हंगाम तुम्हाला ठाऊक असेलच.

आता मुख्य गोष्ट, जी मी विसरले होते: जुन्या कुरियरकडे गेलेली आणि अजून पोहोचायची असलेली पार्सलं. मागच्या वेळी शनिवारी संध्याकाळी जुन्या कुरियरचा शेवटचा पिकअप झाला. सोमवारी सकाळी मी सगळ्या ग्राहकांना एकच मेसेज पाठवला, की आजपासून आपलं कुरियर बदललं आहे, पार्सल कुठे आहे ते या नव्या लिंकवर बघा. त्या क्षणी 112 पार्सलं जुन्या कुरियरकडे वाटेत होती. त्या लोकांनी आपला जुना नंबर नव्या लिंकवर टाकला आणि त्यांना उत्तर मिळालं की असा नंबरच नाही. अकरा वाजेपर्यंत फोन थांबेना. ‘ताई, पैसे भरलेत मी, आणि तुमच्याकडे तर पार्सलच नाही म्हणतंय,’ असं एक काकू रडकुंडीला येऊन बोलत होत्या. त्यांचं पार्सल पुण्यात त्यांच्या घरापासून दोन किलोमीटरवर पोहोचलेलं होतं.

त्याहून वाईट पुढे झालं. 112 पैकी 38 पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरीची होती. जुन्या कुरियरचा मुलगा दारात आला, तेव्हा काही जणांनी ती घेतलीच नाहीत. कंपनीचा मेसेज आलाय की कुरियर बदललंय, मग हा कोण पैसे मागतोय? त्यांचं काहीच चुकलं नाही. कुरियरच्या नावाने फसवणारे मेसेज आणि फोन इतके येतात की माणसाने सावध राहायलाच हवं. अकरा पार्सलं परत आली आणि जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आम्ही भरलं.

तेव्हा यादी काढा. जुन्या कुरियरच्या पॅनेलमधून सगळी पार्सलं उतरवून घ्या आणि त्यातून Delivered, RTO Delivered म्हणजे आपल्याकडे परत आलेली, आणि Cancelled वगळा. जे उरतं ते सगळं वाटेतलं. In Transit आणि Out for Delivery कुणीही धरतं. Undelivered सुटतं, कारण ते संपल्यासारखं वाटतं, पण कुरियरवाला साधारण दोन-तीन फेऱ्या मारतो, त्यामुळे ते पार्सल अजून जिवंत असतं. Pickup Pending तर हमखास सुटतं. लेबल जुन्या कुरियरचं चिकटलेलं, पार्सल आपल्याच टेबलावर, पण मनाने आपण ते नव्यात धरलेलं. नियम एकच ठेवा: लेबल ज्याचं, पार्सल त्याचं. शेवटच्या आठवड्यात दोन्ही कुरियरची माणसं येतात, तेव्हा दोन वेगळी टेबलं ठेवा आणि जुन्या लेबलांवर लाल टेप लावा. नव्या कुरियरच्या मुलाने जुन्या लेबलचं पार्सल उचलून नेलं, तर ते शोधायला दोन्हीकडे खेटे घालावे लागतात.

ही यादी दोनदा काढायची. एकदा आदल्या दिवशी, अंदाज यावा म्हणून, आणि दुसऱ्यांदा शेवटचा पिकअप होऊन गाडी गेल्यावर, त्याच रात्री. मेसेज जातो तो दुसऱ्या यादीला. आदल्या दिवशीच्या यादीवर मेसेज पाठवला, तर शेवटच्या दिवसाची सगळी पार्सलं बाहेर राहतात.

वाटेतल्या लोकांना काय लिहायचं? सुरुवात कुरियर बदलाच्या बातमीने करायची नाही. ‘तुमचं पार्सल आधी ठरलेल्या कुरियरनेच येत आहे. तुमचा नंबर आणि लिंक तीच राहील. पार्सल घ्या.’ कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर नेमकी रक्कम लिहा, ‘दारात 640 रुपये द्यायचे आहेत, त्याहून जास्त नाही,’ आणि पुढे ‘ओटीपी किंवा पत्ता दुरुस्तीचे पैसे आम्ही कुठल्याही लिंकवर मागत नाही.’ नवं कुरियर, नवी लिंक, नवी वेळ यातलं एकही अक्षर या मेसेजमध्ये नको. आमच्या घरातल्यांचं म्हणणं होतं की एकाच मेसेजमध्ये दोन्ही सांगू, खर्च वाचेल. मी ऐकलं नाही, तुम्हीही ऐकू नका. माणूस पहिली ओळ वाचतो आणि लिंक दाबतो.

एसएमएस पाठवत असाल तर हे काम निदान पंधरा दिवस आधी सुरू करा. धंद्याच्या एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवून मंजूर व्हावा लागतो, त्यात बदलणारी जागा कुठली तेही दाखवावं लागतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या आदेशानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदवलेली लागते, नाहीतर मेसेज वाटेतच अडतो. म्हणजे नव्या कुरियरची लिंक जुन्या मंजूर मजकुरात नुसती बदलून चालत नाही. ग्राहकाला काही मिळत नाही, आणि नीट रिपोर्ट बघितला नाही तर मेसेज गेला असंच आपण समजतो. आणखी एक, मराठी एसएमएस 70 चिन्हांत संपतो, पुढे दुसऱ्या एसएमएसचे पैसे लागतात. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा फार लवकर भरतो. मजकूर छोटा करा, पण रक्कम काढू नका.

लिंकबद्दल माझं ठाम मत झालंय: कुरियरची लिंक ग्राहकाला द्यायचीच नाही. आपल्या साइटवर एक पान करा, त्यात ऑर्डर नंबर टाकला की ज्या कुरियरकडे पार्सल आहे तिथे ते पान स्वतः नेतं. ऑर्डर नंबरसमोर कुरियर कोणतं हे आपल्या नोंदीत असतंच. आडबाजूच्या काही पिनकोडला आम्ही स्पीड पोस्ट करतो. त्याचा नंबर तेरा अक्षरांचा, E ने सुरू होऊन IN ने संपणारा, तोही याच पानावरून टपाल खात्याकडे जातो. असं पान आधी असतं, तर वाटेतल्या 112 लोकांचा घोळ झालाच नसता. जमत नसेल तर साइटवर दोन ठळक ओळी लिहा: अमुक तारखेपर्यंत पाठवलेली पार्सलं इथे बघा, त्यानंतरची तिथे. तारीख ऑर्डर दिल्याची धरायची नाही, पाठवल्याची धरायची. शुक्रवारची ऑर्डर सोमवारी नव्या कुरियरने जाऊ शकते.

जुनी लिंक कुठेकुठे छापली आहे ते शोधा. व्हॉट्सअॅपचं आपोआप जाणारं उत्तर, डब्यात टाकायचं कार्ड, ऑर्डर आल्याचा ईमेल. कार्डं उरली असतील तर ती वापरू नका.

दुसरा गट म्हणजे ऑर्डर देऊन बसलेले, पण पार्सल अजून न निघालेले. त्यांना कुरियरचं नाव, नवी लिंक आणि वेळ सांगायची. आमच्याकडे जुना पिकअप सात वाजता व्हायचा, नव्याची गाडी साडेचारला येते. ग्राहकाला साडेचार सांगून उपयोग नाही. त्याला हवं असतं ते एवढंच की आज ऑर्डर दिली तर आज निघेल का. पॅकिंगला दोन-अडीच तास, बिल आणि लेबलला तासभर धरून आम्ही एक वाजता हद्द ठेवली: ‘दुपारी एकच्या आत आलेली ऑर्डर त्याच दिवशी निघेल, रविवारी पिकअप नाही.’ आधी लोकांना चारपर्यंतची सवय होती, म्हणून हे साइटवर पैसे भरायच्या बटणाच्या वरच लिहा. खाली लिहिलं तर साडेतीनला ऑर्डर देऊन लोक दुसऱ्या दिवशी विचारतात.

तिसरा गट, ज्यांची काहीच ऑर्डर नाही. त्यांना मेसेज नको. मागच्या वेळी मी त्यांनाही पाठवला आणि काहींनी उलट विचारलं, माझी कुठली ऑर्डर? पुढच्या ऑर्डरीला त्यांना आपोआप कळेल.

पिनकोड तपासा, पण नीट. नव्या कुरियरच्या यादीत पिनकोड असला तरी तिथे रोख घेतात की नाही हा रकाना वेगळा असतो. आमचे सावंतवाडी आणि गडचिरोलीकडचे ग्राहक इथेच अडकतात. जिथे रोख बंद होतंय त्या नेहमीच्या ग्राहकांना फोन करा, मेसेज नको.

परत घ्यायची पार्सलं. ग्राहकाच्या घरून उचलण्याचा पिकअप जुन्या कुरियरकडे लावलेला असेल, तर ते वाट बघत बसतात आणि कुणी येत नाही. हीसुद्धा वाटेतलीच पार्सलं, वाटेतल्यांच्या यादीत घाला. शक्यतो जुन्याकडेच उचलू द्या. नव्याकडे वळवायचं असेल तर आधी जुना पिकअप रद्द करा.

आणि वाटेतलं शेवटचं पार्सल पोहोचेपर्यंत जुनं खातं बंद करायचं नाही. मी दहाव्या दिवशी बंद केलं. पॅनेल गेलं, त्यासोबत सहा पार्सलांची माहिती गेली, आणि रोखीचे पैसे वळते करून घ्यायला पुढे तीन आठवडे ईमेल लिहीत बसले. शेवटचं पार्सल पोहोचलं, परतीचं परत आलं, रोखीचा हिशोब जमा झाला, मगच.

फोन घेणाऱ्या दोघींना एका कागदावर लिहून द्या: आधी ऑर्डर नंबर विचारायचा, मग पाठवल्याची तारीख बघायची, मग लिंक सांगायची. पहिले तीन दिवस रोज सकाळी Pickup Pending बघा. वजनाचा वाद, बिलं, नवी लेबलं, ते आपल्या आत निस्तरा, ग्राहकाला नको. वाटेतल्यांची यादी मी त्या रात्री छापून भिंतीवर लावणार आहे आणि पार्सल पोहोचेल तसं एकेक नाव खोडणार आहे.