जुलाब फीडमुळेच आहेत का? राईल्स ट्यूबवरच्या पेशंटचा एक केसपेपर

लातूरच्या एका खासगी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून लागून मला जेमतेम पाच महिने झाले होते. मे महिना होता. औशाकडचे एक 64 वर्षांचे शेतकरी पक्षाघाताने आले, गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून राईल्स ट्यूब टाकली. सोबत त्यांचा मुलगा होता. पाचव्या दिवशी राऊंडला गेले तर तो दारातच म्हणाला, "ताई, आबाला सारखं पातळ व्हायलंय. त्यो डबाच बदला तुमी."

आणि मी डबाच बदलला. नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी ही चूक आधी सांगते, कारण हीच चूक सगळे करतात. नळीवाल्या पेशंटला जुलाब लागले की डॉक्टर, सिस्टर आणि नातेवाईक, सगळ्यांचं बोट पावडरीच्या डब्याकडे जातं. मी आधी फीड निम्मं पातळ केलं. म्हणजे 1500 कॅलरीवरून आबा 750 वर आले, आणि संडास सहावरून पाचवरसुद्धा आली नाही. मग आठव्या दिवशी महागडा, पचायला हलका म्हणतात तो डबा आणायला सांगितला. दिवसाला 340 ग्रॅम पावडर लागते, 400 ग्रॅमचा डबा सव्वा दिवसही नीट पुरत नाही. तो मुलगा काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून तो डबा मोजून वापरायला लागला. त्याचा परिणाम पुढे दिसला.

फीड पातळ करण्यात तसं काही हशील नव्हतंच. 1 मिलिलिटरला 1 कॅलरी असलेलं साधं फीड रक्ताच्या जवळपास तेवढ्याच घनतेचं असतं, ते पोटाला सहसा जड जात नाही. 1.5 कॅलरीचं घट्ट फीड किंवा दूध-साखरेचं घरगुती फीड असेल तर फीडवर शंका घ्यायला जागा असते. आमचं फीड साधं होतं, त्यात लॅक्टोज नव्हतं. डब्यावरचा मजकूर मी वाचला होता, तरी बदलला. घाबरले होते, दुसरं काय.

नवव्या दिवशी आमच्या वरिष्ठ मॅडम रजेवरून आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डायपर तू स्वतः उघडून पाहिलास का?" नाही. सिस्टर सांगतात, आपण लिहितो. नळीतून द्रव अन्न जातं तेव्हा दिवसाला एकदोनदा मऊ संडास होणं साधं आहे, नातेवाईक त्यालाही जुलाबच म्हणतात. आपण मोजायचे ते तीन किंवा जास्त वेळा होणारे पाण्यासारखे. मी पाहिलं. पिवळसर पाणी, रक्त नाही, शेंब नाही. दिवसात सहा वेळा. म्हणजे जुलाब खरेच होते.

मग मॅडमनी कोऱ्या कागदावर तीन उभे रकाने पाडायला लावले: फीड कधी, औषध कधी, संडास कधी. केसपेपरातली ट्रीटमेंट शीट, सिस्टरच्या नोंदी आणि मुलाच्या मोबाइलमधल्या नोंदी (तो बापाच्या प्रत्येक संडासची वेळ टिपत होता, आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं) एकत्र केल्या.

फीड दर तीन तासांनी, सकाळी 6 पासून रात्री 9 पर्यंत, 250 मिलिलिटरची सहा. संडासच्या वेळा मात्र तशा नव्हत्या. सकाळी 9.30, दुपारी 3.15, 3.50, रात्री 9.20, आणि पहाटे दोन वेळा. फीड तीन तासांनी आणि संडास अशी झुबक्यात, तर मधे काहीतरी दुसरं असणार. औषधाच्या रकान्यात सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8 या वेळांना एकच औषध होतं: पोटॅशियम क्लोराइडचं सिरप, 15 मिलिलिटर, म्हणजे दर वेळी 20 मिलिइक्विव्हॅलंट. पहाटेच्या दोन सोडल्या तर दरेक झुबका त्यानंतर साधारण तासा-दीड तासाने सुरू.

हे सिरप खारट आणि फार घट्ट असतं. तोंडाने घेणारा माणूस ते पाण्यात घालूनच पितो, नाहीतर घशाखाली उतरत नाही. नळीला चव नसते. म्हणून सिस्टर ते सिरिंजमध्ये तसंच घेऊन नळीत सोडत होत्या, मागून थोडं पाणी. घट्ट द्रव आतड्यात गेला की आतडं आपलं पाणी सोडून तो पातळ करतं, आणि ते पाणी खाली येतं.

आता यातली खरी गंमत पाहा. चौथ्या दिवशी आबांचं पोटॅशियम 3.2 होतं, म्हणून सिरप सुरू झालं. पाचव्या दिवसापासून जुलाब. जुलाबात पोटॅशियम बाहेर जातं. आठव्या दिवशी रिपोर्ट 2.9. मग कुणीतरी शीटवर लिहिलं, "डोस वाढवा." जे औषध जुलाब लावत होतं तेच जुलाबामुळे वाढवायचं ठरत होतं, आणि मी त्यात डबा बदलत बसले होते.

शीटवर आणखी दोन औषधं सापडली. एक लॅक्टुलोज, रोज रात्री 30 मिलिलिटर. तिसऱ्या दिवशी संडास होत नाही म्हणून लिहिलं, मग कुणी खोडलं नाही. लॅक्टुलोज हळू काम करतं, एकदोन दिवस घेतं, म्हणून वेळांच्या रकान्यात ते पकडता येत नाही. ते शीट वाचूनच सापडतं. दुसरं, पॅरासिटामॉलचं सिरप. 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅमचं, 650 चा डोस म्हणजे 13 मिलिलिटर, दिवसातून चारदा, 52 मिलिलिटर. ताप कधीच उतरला होता. बाटलीवर बारीक अक्षरात सॉर्बिटॉल लिहिलेलं होतं, किती ते नव्हतं. सॉर्बिटॉल गोड लागतं पण नीट शोषलं जात नाही. थोडं चालतं, अशा सिरपांची बेरीज झाली की पोट जातं. लिहिलेलं औषध गोळी आहे की सिरप, हे आहारतज्ज्ञाचं काम नाही असं मला वाटायचं. आता मी नळीच्या प्रत्येक पेशंटची बाटली हातात घेऊन वाचते.

डॉक्टरांना कागद दाखवला. त्यांनी लॅक्टुलोज आणि पॅरासिटामॉल बंद केलं, पोटॅशियम सलाईनमधून, मॉनिटर लावून द्यायचं ठरवलं. हे निर्णय त्यांचेच, आपण फक्त कागद समोर ठेवायचा. सिरप नको म्हणून कुठलीही गोळी कुटून द्या असं मात्र सुचवू नका. पॅन्टोप्राझोलसारखी वेष्टनाची गोळी किंवा सावकाश विरघळणारी गोळी कुटली तर तिचा उपयोग जातो किंवा नळी तुंबते.

इतकं सापडलं तरी इन्फेक्शनचा रस्ता बंद करता येत नव्हता. आबांना छातीच्या इन्फेक्शनसाठी सहा दिवस सेफ्ट्रायाक्सोन चालू होतं, आणि अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू आतड्यात माजू शकतो. ताप नव्हता, पोट फुगलेलं नव्हतं, पांढऱ्या पेशी 15,600 वरून 11,200 वर उतरत होत्या, तरीही डॉक्टरांनी पातळ संडासचा नमुना त्या जंतूच्या टॉक्सिनसाठी बाहेरच्या लॅबला पाठवला. रिपोर्टला दोन दिवस. तोवर दोन गोष्टी पाळल्या. जुलाब थांबवणारी लोपरामाइडसारखी गोळी दिली नाही, कारण तो जंतू असेल तर आतडं थांबवणं घातक ठरतं. आणि हात साबण-पाण्याने धुतले, कारण त्या जंतूची बीजं सॅनिटायझरने मरत नाहीत. 2016 मध्ये रेल्वेने पाणी आलेल्या या गावात नळ मोकळा सोडा म्हणायला जीभ जड होते, पण तेव्हा म्हणावंच लागतं. डॉक्टरांनी बोट घालून गुदाशयही तपासला. अंथरुणावरच्या माणसाच्या गुदाशयात कडक संडासचा खडा अडकलेला असला तर बाजूने पाणीच येतं आणि ते जुलाबासारखं दिसतं. तसं काही नव्हतं. दोन दिवसांनी टॉक्सिनचा रिपोर्टही निगेटिव्ह आला.

दरम्यान फीड मी पुन्हा पूर्ण घट्टपणाचं, जुन्याच डब्याचं केलं. बंद केलं नाही. जाणाऱ्या पाण्याची भरपाई नळीतून ओआरएसने, कातडी सोलू नये म्हणून झिंक ऑक्साइडचं मलम.

अकराव्या दिवशी संडास तीनवर आली. दिवसाचे झुबके गेले होते, पण पहाटेची संडास हटत नव्हती. आणि पहाटे कुठलंच सिरप नव्हतं. उरलं होतं फक्त सकाळचं 6 चं फीड आणि रात्रीचं 9 चं.

मी पहाटे साडेपाचला वॉर्डात गेले. मुलगा खिडकीतून स्टीलचा तांब्या उचलत होता. वरून ताटली झाकलेली. विचारलं तर म्हणाला, "ताई, उकळलेलं पाणी खाली कॅन्टीनला सांजच्याला मिळतंय. मग रातीचं आन सकाळचं एकदाच कालवून ठेवतो. डबा बी कमी सांडतो." डबा महाग झाल्यावर त्याने काढलेली युक्ती. कालवलेली पावडर बाहेरच्या तापमानाला चार तासांपेक्षा जास्त ठेवायची नसते, हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं, मी सुद्धा. इथे अकरा-बारा तास होत होते. बाहेर 41 अंश, वॉर्डात पंखा. तांब्याला नाक लावलं तर आंबूस वास आला.

मग त्याच्या हातून एक फीड द्यायला लावलं. त्याने सिरिंज भरली, दट्ट्या लावला आणि दाबला. 250 मिलिलिटर चार मिनिटांत संपलं. दट्ट्या काढून सिरिंज हातभर उंच धरायची, फीड आपल्या वजनाने पंधरा-वीस मिनिटांत उतरू द्यायचं, पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर, शेवटी 30 मिलिलिटर पाणी. नळी नाकापाशी जिथे चिकटवली तिथला आकडा रोज पाहायचा. ती आत सरकून टोक पोटाच्या पुढे आतड्यात गेलं तर असं एकदम सोडलेलं फीड थेट तिथे पडतं, आणि तिथे ते सोसत नाही. आबांची 58 वर होती, तिथेच होती.

कॅन्टीनवाल्याला बोलून सकाळचं पाणी थर्मासात मिळायची सोय झाली. एका वेळी एकच फीड कालवायचं, भांडं प्रत्येक वेळी उकळत्या पाण्याने विसळायचं. बाराव्या दिवशी पोटॅशियम 3.8. चौदाव्या दिवशी एक संडास, घट्टसर.

डिस्चार्जच्या आधी मी मुलाकडून चार वेळा फीड देऊन घेतलं. तिसऱ्या वेळी त्याने सवयीने दट्ट्या लावला, मी काही बोलायच्या आत स्वतःच काढून खिशात घातला. तो खिशातच घेऊन गेला. औशाला पोचल्यावर फोन आला, "ताई, मुगाचं वरण गाळून चालंल का? डबा संपायला आलाय." वरण चालेल म्हटलं, पण दोन पदरी कापडातून गाळून, ताजं, आणि दिवसाला दोनच वेळा, बाकीची चार फीडं डब्याचीच.