लाखोळीची डाळ खायचीच असेल तर विष कसे काढावे

भंडारा-गोंदियाकडे धान कापणीला येण्याआधीच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. नांगर नको, खत नको, पाणी नको, तरी उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात डाळ येते. हिलाच हिंदीत खेसारी म्हणतात. तिच्यावर दोनच प्रकारचे सल्ले ऐकू येतात. एक, "हात लावू नका, लुळे व्हाल." दुसरा, "आमचे आजोबा जन्मभर खात होते, काही झालं नाही." दोन्ही अर्धवट आहेत. किती खाल्ली, किती महिने खाल्ली आणि कशी शिजवली, यावर सगळे अवलंबून असते.

लाखोळीत ओडॅप नावाचे अमिनो आम्ल असते. आपल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट वापरतात आणि ओडॅपची घडण त्याच्याशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे ते चेतापेशींना सतत चेतवत राहते. मेंदूकडून पाठीच्या कण्यातून पायांकडे जाणारे लांब तंतू यात बळी पडतात, आणि पाय ढिले न पडता ताठ होतात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. 1964 साली भारतातल्याच शास्त्रज्ञांनी हे द्रव्य वेगळे काढून दाखवले. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की ते पाण्यात विरघळते, गरम पाण्यात जास्त.

आता कृती. डाळ निवडून घ्या. ती भरडलेली, साल काढलेली हवी. अख्ख्या दाण्याच्या सालीतून विष नीट बाहेर येत नाही.

यापुढची पायरी मात्र सगळे बिघडवतात. पातेल्यात डाळीच्या निदान चौपट पाणी घ्या, जास्त असेल तर उत्तमच. म्हणजे अर्धा किलो डाळीला दोन लिटरच्या खाली जायचे नाही. पाण्याला खळखळून उकळी आली की पातेले चुलीवरून उतरवा, डाळ त्यात टाका, झाकण ठेवा आणि दोन तास हात लावू नका. मग सगळे पाणी ओतून द्या. चाळणीत डाळ घेऊन स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. लगेच शिजवायची असेल तर पुन्हा भरपूर ताज्या पाण्यात, उघड्या भांड्यात शिजवा आणि तेही पाणी काढून टाका. साठवायची असेल तर कडक उन्हात वाळवा.

मला सुरुवातीला याचीच अडचण यायची. दोन तासांनी डाळ फुगलेली असते, वरचे पाणी पिवळसर, दाट दिसते आणि ते फेकताना हात आखडतो. आपल्याला डाळीचा कट जपायची सवय आहे. पुरणाचे पाणी काढले की कटाची आमटी ठरलेलीच. लाखोळीच्या बाबतीत हा संसारी शहाणपणा अंगलट येतो, कारण डाळीतून जे बाहेर यावे म्हणून दोन तास थांबलात, ते सगळे त्या पाण्यातच आहे. ते आमटीत घालू नका, कणीक भिजवू नका, जनावरांपुढेही ठेवू नका. त्याबरोबर थोडी जीवनसत्त्वेही जातात. जाऊ द्या, ती भाजीतून मिळतील.

"कुकरला चार शिट्ट्या द्या, विष मरतं" हा सल्ला देणाऱ्याला मी आता वाद घालतही बसत नाही. कुकरमध्ये पाणी बाहेर कुठे जाते? आत विरघळलेले ओडॅप त्याच वरणात राहते. शिजताना त्याचा थोडा भाग कमी विषारी रूपात बदलतो, पण त्यावर पाय सोपवू नयेत. नुसत्या भाजण्यावरही विसंबू नये. रात्रभर गार पाण्यात भिजवले तर थोडा फरक पडतो, गरम पाण्याएवढा नाही. बेसनाचे दुखणे वेगळे: एकदा दळले की धुता येत नाही. म्हणून पिठले-भज्यांसाठी पीठ हवे असेल तर आधी वरची कृती, मग ऊन, मग गिरणी. आणि लाखोळीच्या भाजीच्या कोवळ्या शेंड्यांतही ओडॅप असते, हे विसरू नका.

एवढे करूनही विष पूर्ण जात नाही. त्यामुळे दुसरा नियम ताटातल्या वाट्याचा. दिवसभराच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीतून येऊ लागला आणि असे दोन-तीन महिने चालले, की धोका खरा होतो. हिशोब करून पाहा. शेतात राबणाऱ्या माणसाला दिवसाला 2400 उष्मांक लागतात असे धरू. त्याचा तिसरा हिस्सा 800. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण 345 उष्मांक असतात, म्हणजे रोज 230 ग्रॅमच्या आसपास डाळ. भात-भाकरीसोबत वाटीभर वरण खाणारा 50 ग्रॅमच्या पुढे जात नाही. आजोबांना काही झाले नाही ते म्हणूनच. पण मजुरीच लाखोळीत मिळायची आणि घरात दुसरे धान्य नसायचे, त्या मध्य प्रदेशातल्या रीवा भागातल्या वेठबिगारांचे पाय गेले. दुष्काळात संकट दुहेरी असते: बाकी पिके जळतात, लाखोळी तगते, आणि पाण्याच्या ताणाने तिच्यात ओडॅपही वाढते.

याचा स्वच्छ दाखला व्हाप्नियार्का छावणीचा. 1942 च्या शरदात रुमानियाच्या ताब्यातल्या युक्रेनमध्ये ज्यू कैद्यांना रोज 400 ग्रॅम लाखोळी, मिठाच्या पाण्यात शिजवून, आणि जोडीला थोडा पाव देऊ लागले. वरच्या हिशोबाच्या जवळजवळ दुप्पट. डिसेंबर संपता संपता पाय जाऊ लागले आणि काही आठवड्यांत शेकडो जण आजारी पडले. कैद्यांमधलेच डॉक्टर आर्थर केसलर यांनी लॅथिरिझम ओळखला.

सुरुवात कशी ओळखायची? रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी पाय जड आणि ताठ वाटतात, पळता येत नाही. मग माणूस टाचा टेकत नाही, चवड्यांवर चालतो आणि चालताना गुडघे एकमेकांना घासतात. पायांची जाणीव मात्र शाबूत असते: चिमटा काढला तर कळतो. मुंग्या, बधिरपणा असेल तर कारण बहुधा दुसरे आहे. पुढे एक काठी, मग दोन काठ्या, शेवटी हातांवर सरपटणे. गेलेली ताकद परत आणणारे औषध नाही, ताठरपणा कमी करणारी औषधे आणि व्यायाम एवढेच हाती राहते.

त्यामुळे पोटऱ्या धरू लागल्या त्याच दिवशी लाखोळी बंद करा, घरातल्या सगळ्यांची. डॉक्टरांकडे गेल्यावर "पाय दुखतात" एवढेच सांगू नका. कोणती डाळ, रोज किती आणि किती महिने, हे आपणहून सांगा. शहरातल्या डॉक्टरला ते विचारायचे सुचेलच असे नाही.