घड्याळावरचा रूट सरळ रेषेत दिसत होता, शेवटी असा सुटला

बारी गावातून कळसूबाई करताना घड्याळात टाकलेला जीपीएक्स रूट उघडला तर ब्रेडक्रम्बची रेघ पायवाट सोडून सरळ घळीवरून जात होती, आणि मी मळलेल्या वाटेवर असतानाही दर दोन मिनिटांनी 'ऑफ कोर्स'चा बझर वाजत होता. घड्याळ रीस्टार्ट केलं, जीपीएसचा मोड बदलला, फाइल परत इम्पोर्ट केली, काही फरक नाही. दोन रविवार वाया गेले, फार वैताग आला.

घोळ फाइलमध्येच होता. एकाच फाइलमध्ये आखलेला रूट पण होता आणि कोणीतरी चालून रेकॉर्ड केलेला ट्रॅक पण, रूटमध्ये फक्त ११ पॉइंट, माझं अ‍ॅप नेमका तोच उचलायचं आणि घड्याळ ते ११ सरळ रेघांनी जोडायचं.

आधी फाइलची कॉपी ठेवा, मग कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडा आणि `<trkpt` शोधा, ते शेकड्यांनी असतील तरच पुढे जा, नसतील तर दुसरी फाइल शोधावी लागेल कारण वळणं त्यात मुळात नाहीतच. मग `<rte>` पासून `</rte>` पर्यंत सगळं डिलीट करून सेव्ह करा. अ‍ॅप आणि घड्याळ दोन्हींतून जुना रूट काढा (माझ्याकडे नाव सारखं असल्यामुळे जुनाच उघडत होता), मग नवी फाइल इम्पोर्ट करून सिंक करा. घरीच झूम करून बघा, रेघ वाटेसारखी वळणं घेत असली की झालं.

परवा पहिल्या शिडीपर्यंत माझा बाण रेघेवरच होता, बझर एकदाही वाजला नाही.